‘दोनच पेग’चा हिशेब: अभ्यासात दारू नेमकी कशी मोजतात आणि आकडा कमीच का भरतो?

समजा, अकोल्यातल्या जठारपेठेत रविवारी सकाळी एका आरोग्य सर्वेक्षणाच्या ताई घरी आल्या. घरचे कर्ते पुरुष समोर बसलेत, वय ४८. त्यांना आपण प्रकाशराव म्हणू. वजन, उंची, रक्तदाब झाला. मग प्रश्न आला, दारू घेता का? प्रकाशरावांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘‘घेतो कधीमधी. दोस्त जमले तं आठवड्यातून एक-दोन वेळा. दोनच पेग.’’

ताईंनी उत्तर लिहून घेतलं आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

अशी हजारो उत्तरं एकत्र केली की त्यातून ‘राज्यात इतके टक्के पुरुष दारू पितात’, ‘रोज इतक्या पेगमुळे यकृताला धोका’, ‘समुपदेशनाने पिणं इतकं घटलं’ असे निष्कर्ष निघतात. प्रकाशराव काल्पनिक आहेत, पण त्यांच्या उत्तरातली अडचण खरी आहे. ते खोटं बोललेले नाहीत आणि तरीही त्यांचा आकडा खऱ्याच्या जवळपासही नाही. हे कसं होतं आणि संशोधक त्यावर काय उपाय करतात, ते पाहू.

पेग म्हणजे नेमका किती?

संशोधनात दारू पेगमध्ये किंवा बाटलीत मोजत नाहीत, ती ग्रॅममध्ये मोजतात. पेयात शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम आहे, एवढाच प्रश्न असतो. त्याचा हिशेब सोपा आहे. पेय किती मिलिलिटर आहे त्याला त्यातल्या अल्कोहोलच्या टक्केवारीने गुणायचं आणि मग ०.७८९ ने गुणायचं, कारण एक मिलिलिटर अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम असतं.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल येतं. जागतिक आरोग्य संघटना ‘एक प्रमाणित पेय’ म्हणते ते एवढंच, १० ग्रॅम. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये हाच आकडा जवळपास ६१ ग्रॅम होतो, म्हणजे सहा प्रमाणित पेयं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ४१ ग्रॅमची, म्हणजे चार पेयांची. ‘बिअर काय, ती दारू थोडीच’ असं म्हणणाऱ्यांना हा आकडा नेहमी धक्का देतो.

आता प्रकाशरावांकडे परत येऊ. ते मित्रांसोबत बसतात तेव्हा एक क्वार्टर आणतात आणि ती दोन ग्लासांत संपवतात. त्यांच्या हिशेबाने ते ‘दोन पेग’ झाले आणि त्यात काही चूक नाही. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये मात्र पेग ३० मिलिलिटरचा धरलेला आहे. त्यामुळे ६१ ग्रॅमच्या जागी २० ग्रॅमची नोंद झाली. लाज, भीती, विसर हे सगळं पुढचं, दोन-तृतीयांश दारू आधी ग्लासाच्या मापातच गायब झाली.

म्हणून नीट केलेल्या अभ्यासात ‘किती पेग’ एवढंच विचारून थांबत नाहीत. वेगवेगळ्या ग्लासांची आणि बाटल्यांची चित्रं दाखवतात, किंवा रिकामा ग्लास पुढे ठेवून ‘तुम्ही ओतता तेवढं पाणी ओता’ असं सांगतात आणि ते मोजतात. देशी, हातभट्टी, मोहाची दारू यांच्या बाबतीत हे आणखी अवघड जातं. हातभट्टीच्या दारूवर लेबल नसतं आणि एका भट्टीची ताकद दुसऱ्या भट्टीशी जुळत नाही. तिथे त्या भागातले नमुने प्रयोगशाळेत तपासून सरासरी टक्केवारी धरावी लागते.

‘साधारणपणे किती’ विचारलं की मोठे दिवस सुटतात

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘किती वेळा’ गुणिले ‘प्रत्येक वेळी किती’. प्रकाशराव म्हणाले, आठवड्यातून एक-दोन वेळा, दोन पेग. दीड गुणिले दोन म्हणजे आठवड्याला तीन पेग, ३० ग्रॅम. दिवसाला साधारण ४ ग्रॅम. या हिशेबाने प्रकाशराव अगदी कमी पिणाऱ्यांत जातात.

या पद्धतीचा दोष ‘साधारणपणे’ या शब्दात आहे. माणूस आपला नेहमीचा दिवस आठवून उत्तर देतो. लग्नाची हळद, कुणाचा निरोप समारंभ, पोळ्याची कर हे दिवस त्याच्या लेखी ‘साधारण’ नसतात, म्हणून ते उत्तरात येतच नाहीत. पण बऱ्याच लोकांच्या वर्षभराच्या दारूचा मोठा वाटा याच दिवसांचा असतो.

यावरचा उपाय म्हणजे दिनदर्शिका पुढे ठेवून मागे मागे जाणं. कॅनडात काम केलेल्या लिंडा आणि मार्क सोबेल या संशोधक दांपत्याने ही पद्धत घडवली. इंग्रजीत तिला ‘टाइमलाइन फॉलोबॅक’ म्हणतात. मुलाखत घेणारा आधी त्या दिवसांतल्या पक्क्या खुणा लावून घेतो. सण कधी होता, पगार कधी झाला, बाजाराचा दिवस कोणता, पाहुणे कधी आले. मग एकेका दिवसाचं विचारतो. त्या दिवशी घेतली होती? कुठे? कोण सोबत होतं? काय होतं, किती बाटल्या आल्या, किती जणांत?

प्रकाशरावांसोबत हे १४ दिवसांसाठी केलं तर काय निघेल? पहिल्या शनिवारी क्वार्टर, ६१ ग्रॅम. मधल्या बुधवारी सहकाऱ्याच्या निरोपाला स्ट्राँग बिअरची एक बाटली, ४१ ग्रॅम. दुसऱ्या शनिवारी पुन्हा क्वार्टर, ६१ ग्रॅम. त्याच पंधरवड्यात पोळा आला, तर करीच्या दिवशी शेतावर दीड क्वार्टर, ९१ ग्रॅम. एकूण २५४ ग्रॅम, दिवसाला सरासरी १८ ग्रॅम. पहिल्या पद्धतीत हाच माणूस ४ ग्रॅमचा होता.

पोळा दर पंधरवड्याला येत नाही, हेही खरं. सणाच्या काळात विचारलं तर आकडा फुगतो, श्रावणात विचारलं तर कोसळतो. म्हणून चांगल्या अभ्यासात मुलाखती वर्षभर विखुरतात. पण करीचा दिवस वजा केला तरी प्रकाशरावांची सरासरी ११-१२ ग्रॅम राहते, म्हणजे त्यांच्या पहिल्या उत्तराच्या जवळपास तिप्पट.

‘नाही’ म्हणण्याची कारणं

मापाची आणि आठवणीची चूक झाली की मग येतो संकोच. महाराष्ट्रात या संकोचाला कायद्याचीही किनार आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. प्रत्यक्षात तो फार थोड्यांकडे असतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे अनोळखी माणसाने हातात कागद घेऊन ‘दारू पिता का’ विचारणं म्हणजे ‘गुन्हा करता का’ विचारण्यासारखंच आहे.

बायकांच्या बाबतीत हा संकोच आणखी घट्ट असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १३.९ टक्के दारू पितात असं निघालं आणि स्त्रियांपैकी ०.४ टक्के. स्त्रियांमध्ये प्रमाण कमी आहे यात शंका नाही. पण सासू शेजारी बसलेली असताना मिळालेलं ‘नाही’ आणि एकांतात मिळालेलं ‘नाही’ यांचं वजन सारखं धरता येत नाही.

प्रश्नाचे शब्दही उत्तर बदलतात. ‘तुम्ही दारू पिता का?’ याला वर्षातून चारदा पिणारा माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या मते ‘पिणारा’ म्हणजे रोज पिणारा. ‘गेल्या १२ महिन्यांत एकदा तरी घेतली का?’ असं विचारलं तर तोच माणूस ‘हो’ म्हणतो. दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात गेल्या १२ महिन्यांतला वापर धरला होता. त्यात १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष दारू घेतात असं आढळलं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरील पुरुषांसाठी हाच आकडा १८.८ टक्के होता. वयोगट, नमुना, पद्धत सगळंच वेगळं असल्याने हा फरक एकट्या प्रश्नाच्या शब्दांमुळे पडला असं म्हणता येणार नाही. पण दोन मोठ्या सरकारी सर्वेक्षणांत इतकं अंतर पडू शकतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कोणाला विचारलं हाही प्रश्न असतो. १९९८-९९ मध्ये झालेल्या कुटुंब सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत दारूबद्दलची माहिती घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीने देत होती. मुलगा बाहेर काय करतो हे वडिलांना किती माहीत असणार? पुढच्या फेरीपासून स्त्री-पुरुषांना स्वतंत्रपणे विचारायला सुरुवात झाली.

आणि काही लोक तर यादीतच येत नाहीत. सगळ्यात जास्त पिणारा माणूस सर्वेक्षणाच्या वेळी बहुधा घरी सापडत नाही. तो कामावर असतो, रुग्णालयात असतो, रस्त्यावर असतो किंवा बोलण्याच्या स्थितीत नसतो. घरोघरी जाऊन केलेला कोणताही अभ्यास या गटाला कमी मोजतो.

रक्त आणि लघवी खरं सांगतात का?

मग तपासणीच का करत नाहीत? करतात, पण प्रत्येक तपासणीची खिडकी वेगळी असते. श्वासाची तपासणी गेल्या काही तासांचंच सांगते. लघवीतलं इथाइल ग्लुकुरोनाइड हा दारू पचताना तयार होणारा पदार्थ दोन-तीन दिवस सापडतो. रक्तातली जीजीटी ही यकृताची तपासणी स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी आहे. पण ती मधुमेहाने, फॅटी लिव्हरने, काही औषधांनीही वाढते आणि बऱ्याच पिणाऱ्यांमध्ये वाढतच नाही.

सध्या सगळ्यात भरवशाची मानली जाते ती ‘पेथ’, म्हणजे फॉस्फॅटिडिलइथेनॉल. हा पदार्थ लाल रक्तपेशींच्या आवरणात फक्त अल्कोहोल असतानाच तयार होतो आणि दोन ते चार आठवडे टिकतो. बोटाला टोचून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबातूनही तो मोजता येतो. तरी तो ग्रॅमचा अचूक आकडा देत नाही. सारखंच पिणाऱ्या दोघांमध्ये त्याची पातळी वेगळी येऊ शकते. ‘अजिबात घेत नाही’ म्हणणाऱ्याच्या रक्तात तो भरपूर निघाला तर उत्तर चुकीचं आहे एवढं कळतं. त्याने दोन क्वार्टर घेतल्या की तीन, हे कळत नाही.

गोव्यातला अभ्यास: आकडा कुठे धरतो, कुठे निसटतो

हे सगळं एका खऱ्या अभ्यासात कसं उतरतं ते पाहायला शेजारच्या गोव्यात जावं लागतं. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेतल्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी बोलून दारू कमी करता येते का, हा प्रश्न होता. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले.

आधी माणसं निवडायची होती. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी वापरली. तिचे गुण शून्य ते ४० असतात आणि आठ किंवा त्याहून जास्त झाले की पिणं धोक्याचं समजतात. या चाचणीत फक्त ‘किती पिता’ विचारत नाहीत. सुरू केल्यावर थांबता येत नाही असं झालं का, दारूमुळे काम राहिलं का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त केली का, असंही विचारतात. पेगची संख्या लपवणारा माणूस इथे बऱ्याचदा सापडतो, कारण बायकोने काळजी व्यक्त केली होती हे सांगायला त्याला तेवढं अवघड वाटत नाही. १२ ते १९ गुण आलेले ३७७ पुरुष निवडले. जवळपास निम्म्यांना समुपदेशन मिळालं आणि बाकीच्यांना नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार.

तीन महिन्यांनी दोन गोष्टी मोजल्या. ऑडिटचे गुण आठच्या खाली आले का आणि गेल्या १४ दिवसांत रोज सरासरी किती ग्रॅम दारू घेतली. दुसऱ्या आकड्यासाठी वर सांगितलेलीच दिनदर्शिकेची पद्धत वापरली.

समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे गुण आठच्या खाली आले, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. गेल्या १४ दिवसांत एकदाही घेतली नाही असं सांगणारे पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. पण जे पीत राहिले, त्यांच्या रोजच्या सरासरीत अर्थपूर्ण फरक पडला नाही. पहिल्या गटात ती ३७ ग्रॅम होती आणि दुसऱ्यात ३१. क्वार्टरच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडे रोज साधारण अर्धी क्वार्टर.

आता संशयाने पाहू. १४ दिवस घेतली नाही, हे त्या माणसाच्याच तोंडचं आहे. ज्याच्याशी समुपदेशकाने आपुलकीने बोलून दारू कमी करायला सांगितलं, त्याला ‘सोडली’ असं सांगावंसं वाटणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या गटावर तेवढा दबाव नाही. म्हणजे फरकाचा काही भाग पिण्यातला नसून सांगण्यातला असू शकतो. संशोधकांनी यावर एक बंदोबस्त केला होता. तीन महिन्यांनी मुलाखत घेणाऱ्याला समोरचा माणूस कोणत्या गटातला आहे हे माहीत नव्हतं. त्यामुळे विचारणाऱ्याचा कल उत्तरात शिरत नाही. सांगणाऱ्याला मात्र आपला गट माहीत असतो आणि ती फट बंद करायला रक्ताची तपासणीच लागते.

तरीही निष्कर्ष मोडीत निघत नाही. नुसतं खूश करायचं असतं, तर पीत राहिलेल्यांनीही ‘कमी केली’ असं सांगून आपला आकडा खाली आणला असता. तसं दिसलं नाही. शिवाय एका वर्षानंतर पुन्हा विचारलं तेव्हाही फरक टिकून होता. गुण आठच्या खाली असलेले पहिल्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्यात ३२ टक्के होते. स्वतः सांगितलेला आकडा असा दोन-तीन बाजूंनी पडताळला तर कामाला येतो. एकटाच घेतला तर त्यावर फार भार टाकता येत नाही.

दुकानाच्या हिशेबाशी ताळा

अख्ख्या राज्यासाठी किंवा देशासाठी आणखी एक ताळा असतो, तो म्हणजे विक्रीचा. लोकांनी सांगितलेली दारू एकत्र केली आणि विकलेल्या दारूशी ताडून पाहिली, तर अनेक देशांत ती जेमतेम ४० ते ६० टक्के भरते. म्हणून देशादेशांतल्या आजारांचा भार काढताना संशोधक एकूण दारूचा आकडा विक्रीवरून घेतात. ती कोणत्या वयात, किती जणांत वाटली गेली एवढंच सर्वेक्षणातून घेतात आणि सर्वेक्षणातले आकडे त्या प्रमाणात वर उचलतात.

पण विक्रीचा हिशेब आपल्याकडे लंगडा पडतो. हातभट्टीची, मोहाची, शेजारच्या जिल्ह्यातून चोरून आणलेली दारू कोणत्याही वहीत नसते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात जिल्ह्याची कायदेशीर विक्री बंद होती, म्हणून कुणीच पीत नव्हतं असा अर्थ कुणी काढणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेलाही भारताचा आकडा काढताना नोंदीबाहेरच्या दारूचा अंदाज वेगळा जोडावा लागतो. आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात किती वेळा आणि कोणती दारू घेता हे विचारतात, किती ग्रॅम घेता हे विचारतच नाहीत. त्यामुळे त्याचा ताळा विक्रीशी थेट घालताच येत नाही.

मग बिघडलं कुठे?

यातून नुकसान दोन उलट्या दिशांनी होतं. रोज चार पेग घेणारा ‘दोन’ सांगत असेल आणि पुढे त्याचं यकृत बिघडलं, तर तो आजार ‘दोन पेग’च्या खात्यात जमा होतो. मग थोड्या दारूचा धोका प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. उलट आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले लोक ‘घेत नाही’ असं सांगून न पिणाऱ्यांच्या गटात जातात. त्यामुळे तो गट आजारी दिसतो आणि त्याच्या तुलनेत थोडी घेणारे तब्येतीने ठणठणीत वाटतात. ‘थोडी दारू हृदयाला चांगली’ असं सांगणाऱ्या जुन्या अभ्यासांवरचा एक मोठा आक्षेप हाच आहे.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर ‘इतके पेग सुरक्षित’ अशी बातमी दिसली तर तीन गोष्टी पाहायच्या. पेग किती मिलिलिटरचा धरला, ‘साधारणपणे’ विचारलं की दिवस मोजले आणि ‘घेत नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये सोडलेले किती होते. ही उत्तरं बातमीत नसतील, तर त्या आकड्यावर स्वतःचा हिशेब बसवण्यात अर्थ नाही.

आणि स्वतःचा हिशेब करायचाच असेल, तर डॉक्टरांसमोर ‘दोनच पेग’ म्हणण्यापेक्षा बाटली सांगणं बरं. ‘दर शनिवारी एक क्वार्टर, सणाला दीड’ एवढं सांगितलं की पुढचा गुणाकार डॉक्टर करू शकतात.